थायरॉईडची गोष्ट (लेखांक ९) : दोन उलटे रिपोर्ट

आज आयोडीनच्या मिठाबद्दल लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. वसमत तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न आधी सोडवायला हवा. त्यांच्या आईचे दोन रिपोर्ट सोबत आहेत. मार्चमधला सांगतो की थायरॉईड वाढलंय, मेमधला सांगतो की कमी झालंय. "यातली कुठली लॅब चुकली?" असं ते विचारतात.

कुठलीच चुकली नाही. दोन्ही रिपोर्ट एकाच आजाराचे आहेत.

पत्रातला क्रम नीट पाहू. जानेवारीच्या शेवटी घरात सगळ्यांना सर्दी-ताप येऊन गेला. फेब्रुवारीच्या मध्याला, हळद काढणीच्या ऐन धांदलीत, आईंचा गळा पुढून दुखू लागला. कळ आधी उजव्या बाजूला होती, ती जबड्यातून कानात जायची. गिळताना ठणका, संध्याकाळी कणकण. घसा म्हणून अँटिबायोटिक झालं, मग दाढ म्हणून दंतवैद्य झाले. आठ-दहा दिवसांत दुखणं उजवीकडून डावीकडे सरकलं. त्यातच छातीत धडधड, हाताला कंप, घाम आणि वजनात घट. हळद शिजवताना चुलाणापाशी उभं राहून हे होतंय, असं घरच्यांना वाटलं आणि त्यात गैर काही नव्हतं.

विषाणूजन्य आजारानंतर दोन ते आठ आठवड्यांनी थायरॉईडला येणारी ही वेदनामय सूज. वैद्यकात तिला सबअॅक्यूट थायरॉयडायटिस म्हणतात किंवा द केर्व्हां यांचं नाव देतात. फ्रिट्झ द केर्व्हां हे स्विस शल्यविशारद. त्यांनी १९०४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि १९३६ मध्ये पुन्हा त्यावर लिहिलं. अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखतं, त्या आजारालाही याच गृहस्थांचं नाव आहे. ते वर्णन १८९५ चं. दोन्ही आजार बायकांमध्ये जास्त दिसतात. थायरॉईडच्या या सुजेत एका पुरुषामागे चार-पाच स्त्रिया असतात, बहुतेक तिशी ते पन्नाशीतल्या.

आता दोन उलट्या रिपोर्टांचं कारण. थायरॉईड ग्रंथी आपला माल लगेच विकून टाकत नाही. शरीराला दोन-तीन महिने पुरेल इतका हार्मोन तिच्या बारीक पुटिकांमध्ये साठवलेला असतो. सुजेनं त्या पुटिका फुटतात आणि साठा रक्तात सांडतो. कणगीचं बूड फुटलं की अंगणभर धान्य दिसतं, पण ते नवं पीक नव्हे. अंगण झाडून झालं की घरात दाणा उरत नाही आणि पुढच्या सुगीपर्यंत थांबावं लागतं. आईंचा मार्चचा रिपोर्ट सांडलेल्या साठ्याचा आहे, मेचा रिकाम्या कणगीचा.

म्हणूनच मार्चमध्ये त्यांना लिहून दिलेली कार्बिमाझोलची गोळी मला खटकली. ती गोळी हार्मोनचं उत्पादन थांबवते. इथे उत्पादन आधीच बंद पडलेलं असतं. गोळी गळती थांबवू शकत नाही. उलट पुढचा कमतरतेचा टप्पा आणखी खोल होतो आणि क्वचित त्या औषधानं पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात, तो धोका विनाकारण पदरी पडतो. दुसऱ्या डॉक्टरांनी ती थांबवली, हे बरं झालं.

मग ग्रंथी जास्त बनवते आहे की नुसती गळते आहे, हे ओळखायचं कसं? पक्की तपासणी म्हणजे किरणोत्सारी स्कॅन. बनवणारी ग्रंथी आयोडीन ओढून घेते, गळणारी जवळजवळ काहीच घेत नाही. पण या स्कॅनसाठी मोठ्या शहरात जावं लागतं. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या रुग्णाला मी आधी दोन साध्या गोष्टी पाहायला सांगतो. पहिली, डॉक्टरांची बोटं. ग्रंथी हाताला टणक लागते आणि हलकं दाबलं तरी रुग्ण हात झटकतो. दुसरी, ईएसआर. तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होणारी ही स्वस्त तपासणी या आजारात बहुधा ५० च्या वर जाते, कधी शंभरीही ओलांडते. आईंचा ईएसआर ८६ होता. तो अगदी नॉर्मल आला असता तर मी या निदानावर शंका घेतली असती.

तिसरी खूण रिपोर्टातच लपलेली असते. त्यांचा टी-३ २४० आणि टी-४ १६.५. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं तर साधारण साडेचौदा येतात. जास्त बनवणारी ग्रंथी टी-३ भरभरून सोडते, म्हणून तिथे हा आकडा सहसा २० च्या वर जातो; साठ्यात मात्र मुख्यतः टी-४ असतो, म्हणून गळतीत तो २० च्या खाली राहतो. मात्र टी-३ नॅनोग्रॅममध्ये आणि टी-४ मायक्रोग्रॅममध्ये, दोन्ही डेसिलिटरमागे मोजलेले असतील तरच हा हिशेब लागू पडतो. हा पुरावा नव्हे, पण बोटं आणि ईएसआर यांच्या जोडीला उभा राहिला की माझा विश्वास बसतो.

उपचार टप्प्याप्रमाणे बदलतो. दुखण्यावर आधी सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल. दमा असेल तर ते चालत नाही. दोन-तीन दिवसांत आराम नाही पडला तर डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. ते एक-दोन दिवसांत दुखणं असं काही उतरवतं की रुग्णाला आजार संपलाच असं वाटतं. आईंनीही पाचव्या दिवशी गोळी सोडली आणि आठवड्यात कळ परतली. ही मात्रा काही आठवडे हळूहळू उतरवायची असते. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष हवं. आणि प्रेडनिसोलोननंही दुखणं हललं नाही, तर निदान पुन्हा तपासावं. गळ्यावरची कातडी लाल झाली, ताप चढत गेला तर ग्रंथीत पू झालेला असू शकतो. तिथे घरी थांबून चालत नाही.

मधल्या काळातली एक फसगत सांगून ठेवतो. टी-४ घसरला तरी मेंदूतल्या पिट्युटरीला जागं व्हायला काही आठवडे लागतात. (तिचं काम मागच्या लेखात पाहिलं.) एप्रिलमध्ये तपासणी केली असती तर टी-४ कमी आणि टीएसएचही कमी, असा विचित्र रिपोर्ट हाती आला असता आणि पिट्युटरीच बिघडली की काय, अशी धास्ती बसली असती.

मेमध्ये टीएसएच १४ आहे. "आता जन्मभर गोळी का?" हा पत्रातला शेवटचा प्रश्न. बहुतेकांना नाही. त्रास थोडा असेल तर चार-सहा आठवडे थांबून पुन्हा तपासतात. थकवा, सूज, बद्धकोष्ठ जास्त असेल तर थायरॉक्सिनची छोटी मात्रा काही महिने देतात. गरोदरपणात मात्र थांबायचं नसतं, गोळी लगेच सुरू करावी लागते. साधारण शंभरात पाच ते पंधरा जणांची कमतरता कायम राहते. बाकीच्यांची ग्रंथी सहा महिने ते वर्षभरात सावरते, पण अनेकांची गोळी कुणी थांबवून पाहत नाही म्हणून ती वर्षानुवर्षं चालू राहते. मला याचंच जास्त वाईट वाटतं. आईंनी गोळी सुरू केली असेल तर ती स्वतःहून सोडू नये. डॉक्टरांना विचारून, मात्रा कमी करून, सहा आठवड्यांनी टीएसएच पाहावा. गोळी नसेल तर जुलैच्या सुरुवातीला तपासावं, आणि तो नॉर्मल आला तरी वर्षानं एकदा पुन्हा.

दोन्ही रिपोर्ट फेकू नका, तारखेनुसार एकत्र लावून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना निदान त्यांच्या क्रमावरूनच कळेल. मीठ पुढच्या आठवड्यात.