‘हस्ते’मधला एकार

आमच्या भाषाशास्त्राच्या बाई निवृत्त झाल्या, त्या समारंभाला मी जुना विद्यार्थी म्हणून गेलो होतो. प्रमुख पाहुण्यांचं भाषण मराठीच्या ऱ्हासावर झालं. पोरं ‘मला मदत कर’च्या ऐवजी ‘माझी मदत कर’ म्हणतात, ‘पुस्तक मिळालं’ न म्हणता ‘पुस्तक भेटलं’ म्हणतात, असं सगळं. सभागृहाने मान डोलावली. मीही डोलावली, कारण ‘भेटलं’ मलाही खटकतं.

मग बाई उठल्या. त्यांच्या हातात भाषणाचे कागद नव्हते, समारंभाची निमंत्रणपत्रिका होती. त्यातली एकच ओळ त्यांनी वाचली. ‘प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते सत्कार.’ आणि विचारलं, “हा ‘हस्ते’मधला एकार कुणाचा?”

कुणी बोललं नाही. मराठीत ‘हाताने’ म्हणतात. मग ‘हस्ते’ कुठून आलं?

ही तृतीया विभक्तीची जुनी खूण, बाई म्हणाल्या. संस्कृतात ‘देवाने’ला ‘देवेन’. प्राकृतात त्याचं ‘देवेण’ झालं. पुढे शेवटचा ‘ण’ झिजला आणि त्याची फक्त नाकातली छटा उरली: ‘देवें’. जुन्या मराठीत हेच रूप चालायचं. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलंय, ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. पूर्वी हा लेख इ.स. 983चा मानत, आता बरेच अभ्यासक तो बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात. साल काहीही धरा, ‘राजें’ म्हणजे ‘राजाने’ हे त्या काळच्या वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागत नव्हतं.

पुढची पायरी गमतीची. अनुस्वाराचा नाकातला उच्चार बहुतेक मराठी तोंडांतून हळूहळू गेला, कोकणीत मात्र तो अजून खणखणीत आहे. आता घोटाळा बघा. ‘फळें’ म्हणजे एकाहून जास्त फळं, आणि ‘फळें’ म्हणजेच फळाने. दोन वेगळी कामं आणि रूप एकच, त्यात नाकातला आवाजही गेलेला. अशा ठिकाणी ‘ने’ कामाला आला. ‘फळाने’ म्हटलं की शंका राहत नाही, आणि अनेकवचनाला ‘फळांनी’ आहेच. जुना ‘एं’ मागे सरला. ‘हस्ते’, ‘बळेच’ अशा मोजक्या शब्दांत तो चिकटून राहिला, पाटा-वरवंटा माळ्यावर राहतो तसा.

“1962 साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून काढले,” बाई म्हणाल्या, “तेव्हा भाषेवर घाव घातला म्हणून हळहळणारे लोक होते. पण तोंडातून ते कधीच गेले होते. कागदाला बातमी उशिरा पोचली, इतकंच.”

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण बाईंच्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. भाषेत झीज होते, हे त्यांनी नाकारलं नाही. जे शब्द दिवसभर वापरायचे त्यांची टोकं झिजणारच. पण बोलणाऱ्याला तर आपलं म्हणणं पोचवायचंच असतं. तेव्हा तो हाताशी असलेला धडधाकट शब्द उचलतो आणि झिजलेल्या जागी लावतो. काही पिढ्यांनी त्या शब्दाचाच प्रत्यय होतो. ऱ्हासाचं गाणं गाणाऱ्यांना यातली पहिलीच निम्मी गोष्ट दिसते.

दुसऱ्या निम्म्या गोष्टीसाठी बाईंनी ‘घरात’ घेतलं. संस्कृतात ‘गृहे’ एवढ्यात काम भागायचं. त्या सप्तमीची झिजलेली खूण आपल्या ‘घरी’मध्ये आहे. पण ‘घरात’मधला ‘त’ मुळात प्रत्ययच नव्हता. तो ‘आत’, म्हणजे संस्कृत ‘अंतर्’. ‘घरा’ला ‘आत’ इतका चिकटला की जोड दिसेनाशी झाली. आणि ते ‘घरा’ तरी काय? ‘देवस्य’चं ‘देवस्स’, त्याचं ‘देवास’, आणि त्यातून ‘देवा-’. शाळेत ज्याला सामान्यरूप म्हणून पाठ करायला लावतात, तो एके काळचा षष्ठीचा प्रत्यय आहे. मोडलेल्या वाड्याचे चिरे नव्या भिंतीत बसवावेत, तसा.

यात तोटा झाला का? बाईंनी आम्हाला दोन वाक्यं दिली. ‘मी घरी आहे’ आणि ‘मी घरात आहे’. पहिलं फोनवर सांगायचं, म्हणजे ऑफिसला गेलेलो नाही. दुसरं अंगणातून हाक मारणाऱ्याला सांगायचं, म्हणजे भिंतींच्या आत आहे. ‘गृहे’ या एका रूपाच्या जागी आपल्याकडे दोन रूपं आली, आणि त्यांनी कामं वाटून घेतली.

पाहुण्यांकडे वळून बाई म्हणाल्या की तुमची तक्रार फार जुनी आहे. पतंजलीने महाभाष्यात ‘गौः’ हा खरा शब्द सांगून त्याच्या अपभ्रंशांची यादी दिली: गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. दोन हजार वर्षं होऊन गेली. आपली ‘गाय’ त्या यादीतल्या ‘गावी’च्याच गोतातली. पाहुणे मनापासून हसले. माणूस दिलदार होता.

त्यानंतर बाईंनी आत्ता आमच्या तोंडात चाललेला बदल दाखवला, तो मला सगळ्यात आवडला. ‘टेबल’ इंग्रजी, तरी आपण ‘टेबलावर’ म्हणतो. ‘मोबाईल’ही इंग्रजी, पण ‘मोबाईलावर’ कुणी म्हणत नाही, ‘मोबाईलवर’ म्हणतात. बाईंचे वडील ‘कॉलेजात’ म्हणायचे. समोर बसलेली मुलं ‘कॉलेजमध्ये’ म्हणतात. म्हणजे जुन्या उसन्या शब्दांना सामान्यरूप लागलं, नव्यांना बहुधा लागत नाही, आणि जिथे सामान्यरूप नाही तिथे ‘त’ अडखळतो व ‘मध्ये’ पुढे येतो. हा नियम कुठल्या पुस्तकातून मुलांनी पाठ केलेला नाही, तरी तो सगळे पाळतात. “नासलेल्या वस्तूला असा नियम नसतो,” बाई म्हणाल्या. “दूध नासलं की त्याची गाठ कुठे धरेल, सांगता येतं का?”

पण त्यांनी एक भीती खरी मानली. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलली जाते. बोलणारे काही हजार. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ती नीट बसत नाही. निहालीत कोरकूचे आणि मराठीचे शब्द भरपूर आलेत, पण शब्दांच्या आयातीने भाषा मरत नाही. आई मुलाशी ती बोलायचं थांबवते, तेव्हा मरते. अंदमानातली बो भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, 2010 साली वारली. ती भाषा बिघडून गेली नाही. बोलायला दुसरं कुणी उरलं नाही. म्हणून बाईंची कसोटी साधी होती. पाच वर्षांचं पोर त्या भाषेत भांडतं का? ‘तू मला ब्लॉक केलंस’ असं रडत सांगताना ते ‘केलंस’मधला ‘स’ बरोबर लावतं का? लावत असेल तर ‘ब्लॉक’ची काळजी नको. पोर भांडणच दुसऱ्या भाषेत करायला लागलं, तर मात्र ‘शुद्ध’ शब्दांची यादी भिंतीवर लावून उपयोग नाही.

शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं, “मग मॅडम, ‘माझी मदत कर’ लिहिलं म्हणून तुम्ही माझे मार्क का कापले होते?”

“प्रमाण मराठीचा पेपर होता,” बाई म्हणाल्या. “गणवेश नसला की दंड, त्याचा अर्थ घरचे कपडे वाईट असा होत नाही. आणि खरं सांगू का, माझ्या कानालाही ते टोचतं. हिंदीतून आलंय, तुझ्या नातवंडांना टोचणार नाही. मला टोचतंय म्हणून भाषा थोडीच थांबणार आहे?”

“म्हणजे अजूनही कापणार?”

“आजच्या तारखेपर्यंत,” बाई म्हणाल्या आणि पत्रिका पर्समध्ये ठेवली.