अठ्ठेचाळीस लाख की अडतीस?

पुण्यात लक्ष्मी रोडवर एका कंपनीने दुकानासाठी जागा भाड्याने घेतली असं धरू. करार 1 एप्रिल 2024 पासून पाच वर्षांचा, भाडं वर्षाला 12 लाख, तेही हिशेब सोपा राहावा म्हणून वर्षअखेरीस एकदम दिलेलं. 31 मार्च 2025 ला पहिलं भाडं देऊन झालं. आता उरली चार वर्षं, म्हणजे 48 लाख. पण कंपनीच्या ताळेबंदात भाडेकरारांचं देणं दिसतं 38 लाख 4 हजार. मधले 9 लाख 96 हजार गेले कुठे?

कुठेही गेले नाहीत. 2019 च्या एप्रिलपासून आपल्याकडे इंड-एएस 116 हे लेखामानक लागू झालं. बहुतेक मोठ्या कंपन्यांना ते पाळावं लागतं. त्यानुसार पुढे द्यायचं भाडं हे कर्जासारखं देणं मानून ताळेबंदात घ्यायचं असतं. पण चार वर्षांनी द्यायच्या 12 लाखांची किंमत आज 12 लाख नसते. कंपनीला कर्ज 10 टक्क्यांनी मिळत असेल, तर त्या दराने व्याज वजा करून आजचं मूल्य काढतात. ते येतं 38 लाख 4 हजार.

ताळेबंदाचा आकडा हा असा व्याज वजा केलेला. दुकानमालकाला मात्र रोख 48 लाखच मोजायचे आहेत. म्हणून याच मानकाने कंपनीला टिपांमध्ये एक वेगळा तक्ता द्यायला लावला आहे: कोणत्या मुदतीत किती भाडं जाणार, व्याज वजा न करता. या तक्त्यात आपल्या दुकानाचे आकडे असे दिसतील: एका वर्षाच्या आत 12 लाख, एक ते पाच वर्षांत 36 लाख, पाच वर्षांपुढे काही नाही, एकूण 48 लाख. मुदतीचे कप्पे किती आणि कसे करायचे, हे भाडेकरू कंपनीने स्वतः ठरवायचं असतं. फक्त बँककर्ज वगैरे इतर देण्यांत हा तक्ता मिसळून टाकता येत नाही.

वाचणाऱ्याची गल्लत होते ती पुढे. ताळेबंदात याच देण्याचा ‘चालू’ भाग, म्हणजे वर्षभरात फिटणारा, 8 लाख 20 हजार दिसेल आणि तक्त्यात 12 लाख. दोन्ही बरोबर आहेत. येत्या वर्षाच्या 12 लाखांतले 3 लाख 80 हजार व्याजात जातात आणि उरलेल्यानेच मुद्दल कमी होतं. घराचे हप्ते भरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

यातूनच चूक पकडायची सोपी खूण मिळते. तक्त्याची बेरीज ताळेबंदातल्या आकड्याशी हुबेहूब जुळली, तर समाधान मानू नये. उलट शंका घ्यावी. बहुधा कोणीतरी ताळेबंदाचाच आकडा कप्प्यांत वाटून टाकलेला असतो. लांब मुदतीच्या करारांत हा फरक मोठा असतो, म्हणून तिथे ही चूक महागात पडते.

आता तक्त्यात काय नसतं ते पाहू. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. करार पाच वर्षांचा, पण तीन वर्षांच्या लॉक-इननंतर कंपनीला जागा सोडता येते असं कलम असेल, तर तक्त्यात तीन वर्षं धरायची की पाच? कंपनी तिथे राहणार हे वाजवी खात्रीने म्हणता येतं का, यावर ते ठरतं. फर्निचरवर भरपूर खर्च केलेली कंपनी तीन वर्षांत उठून जाईल हे पटत नाही. तरीही तिने तीनच वर्षं धरली, तर देणं लहान दिसतं. मॉलमधल्या दुकानाचं भाडं विक्रीच्या टक्केवारीवर असेल, तर तेही तक्त्यात येत नाही. आणि आपल्याकडचा लाडका अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार? मुदत बारा महिन्यांच्या आत असल्याने कंपनीला तो ताळेबंदाबाहेर ठेवण्याची मुभा आहे.

म्हणून तक्त्याच्या आसपासच्या ओळी सोडू नयेत. अल्पमुदतीच्या करारांचं भाडं, विक्रीवर बदलणारं भाडं, देण्यावरचं व्याज, आणि वर्षभरात भाडेकरारांपोटी गेलेली एकूण रोख रक्कम, हे सगळं कंपनीला वेगवेगळं दाखवावं लागतं. यातली शेवटची रक्कम तक्त्याच्या पहिल्या कप्प्याशेजारी ठेवून बघा. यंदा 20 कोटी गेले आणि पुढच्या वर्षासाठी तक्ता 9 कोटीच सांगत असेल, तर उरलेल्या जागा कंपनी खरंच सोडणार आहे, की त्यांचं भाडं फक्त तक्त्यात बसलेलं नाही? उत्तर टिपांत सापडलं नाही, तर भागधारक म्हणून वार्षिक सभेत हा प्रश्न जरूर विचारा.