माल परत मागवण्याची जाहीर सूचना

तिळाच्या चिक्कीच्या एका बॅचमध्ये शेंगदाण्याचे कण मिसळले गेल्याचे कारखान्याच्या तपासणीत आढळले, आणि वेष्टनावर मात्र शेंगदाण्याचा उल्लेखच नाही, असा एक काल्पनिक प्रसंग घेऊ. शेंगदाणा आपल्या नित्य आहारातला. परंतु ज्यास त्याची तीव्र ॲलर्जी आहे, त्याचा श्वास एखाद्या घासानेही कोंडू शकतो. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या २८व्या कलमानुसार असा माल बाजारातून तत्काळ काढून घेण्याची आणि संबंधित अधिकाऱ्यांस तसे कळवण्याची जबाबदारी उत्पादकावर येते. ग्राहकांसाठी जी सूचना छापायची, तिचा मराठी मजकूर असा असावा:

‘आमच्या २०० ग्रॅम तिळाच्या चिक्कीच्या खाली दिलेल्या बॅचमध्ये वेष्टनावर नमूद नसलेला शेंगदाणा आढळला आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही चिक्की खाऊ नये. खाल्ल्यानंतर त्रास झाल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. पुडा दुकानात परत द्यावा. पावती नसली तरी पूर्ण किंमत मिळेल. आमच्या इतर मालाचा या सूचनेत समावेश नाही.’

यात ‘निष्काळजीपणामुळे’ असे कोठे नाही, कारण कण कसे मिसळले याची चौकशी पुरी होण्यापूर्वी दिलेली कबुली वकिलास अडचणीची आणि ग्राहकास निरुपयोगी असते. पण ‘केवळ खबरदारी म्हणून’ हा कंपन्यांचा लाडका शब्दप्रयोगही मी खोडून टाकीन. धोका ठाऊक असताना तो सौम्य करून सांगणे पुढे न्यायालयात उत्पादकाच्याच अंगावर येऊ शकते. ‘कोणासही अपाय झालेला नाही’ हे तर कोणत्याही कारखानदारास खात्रीने सांगता येणार नाही; ‘आजपर्यंत आमच्याकडे अशी तक्रार आलेली नाही’ एवढेच, तेही खरे असल्यास, लिहावे.

इंग्रजी मसुदा याच क्रमाने, तितक्याच निश्चयाने लिहिलेला हवा. मराठीत शेंगदाणा ‘आढळला’ आणि इंग्रजीत तो ‘असण्याचा संभव’ असे झाले, तर एकाच घरातील दोन वाचक दोन निरनिराळे निर्णय घेतील, आणि विरुद्ध पक्षाच्या वकिलास आयताच पुरावा मिळेल. बॅच क्रमांक पुड्यावर रोमन अक्षरांत असेल, तर मराठी सूचनेतही तो हुबेहूब तसाच ठेवावा, म्हणजे ग्राहकास पुडा हातात घेऊन तो ताडून पाहता येतो; तो वेष्टनावर नेमका कोठे छापला आहे, तेही सांगावे.

‘मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ हे करारपत्रांतले कलम येथे जोडण्याचा मोह वकिलांस होतो; परंतु ज्याने मराठी वाचून चिक्की खाल्ली किंवा टाळली, त्यास हे कलम दाखवून काय साधणार? त्यापेक्षा सूचनेस तारीख व क्रमांक द्यावा, आणि पुढे आणखी बॅच सदोष निघाल्यास नव्या सूचनेत जुन्या बॅचचे क्रमांकही पुन्हा छापून, ही सूचना आधीच्या सूचनेची जागा घेते, असे दोन्ही भाषांत स्पष्ट लिहावे.