गर्भ गर्भाशयात सोडताना

आयव्हीएफ उपचारात प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ एका बारीक, लवचिक नळीतून गर्भाशयात सोडतात. या क्रियेला एम्ब्रियो ट्रान्सफर म्हणतात. ती काही मिनिटांत आटोपते आणि बहुतेक वेळा भूलही लागत नाही. तिच्याआधी मात्र बरेच काही घडलेले असते. दहा-बारा दिवस इंजेक्शने घेतलेली असतात, अंडाशयातून बीजे काढलेली असतात, त्यांचे फलन होऊन गर्भ तीन किंवा पाच दिवस इन्क्युबेटरमध्ये वाढलेला असतो. ही सगळी मेहनत शेवटी सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या त्या नळीच्या टोकाशी येऊन थांबते. तरीही उपचाराच्या पहिल्या दोन दशकांत या शेवटच्या पायरीकडे कमी लक्ष गेले. संशोधनाचा भर औषधांवर आणि प्रयोगशाळेवर राहिला.

इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी महाराष्ट्रातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आले. त्या काळात जगभर गर्भ सोडण्याचे काम प्रामुख्याने हाताच्या अंदाजाने होई. डॉक्टर नळी ग्रीवेतून, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या बोळातून, आत सरकवत. टोक गर्भाशयाच्या छताला टेकल्याचे बोटांना जाणवले की नळी थोडी मागे घेऊन गर्भ सोडत. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत ट्रान्सफर करण्याचे वर्णन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ती पद्धत सर्वत्र रुळायला बरीच वर्षे गेली.

अंदाजाच्या पद्धतीतला दोष त्या टेकण्यातच होता. गर्भाशय स्नायूंचे बनलेले असते आणि ते पूर्ण स्वस्थ कधीच नसते, त्यात बारीक लाटा सतत उठत असतात. १९९८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी ट्रान्सफरच्या क्षणी सोनोग्राफीवर या लाटा मोजल्या. ज्या स्त्रियांमध्ये लाटा जास्त होत्या, त्यांच्यात गर्भ राहण्याचे प्रमाण कमी आढळले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग झाला. गर्भाऐवजी सोनोग्राफीत दिसणारा द्रवाचा थेंब गर्भाशयात सोडण्यात आला. नळी हळुवार गेली तर थेंब जागेवर राही. टोक मुद्दाम छताला टेकवले की मात्र जोरदार लाटा उठत आणि थेंब खाली ग्रीवेकडे किंवा गर्भनलिकांकडे ढकलला जाई. ग्रीवा चिमट्याने धरून ओढल्यावरही अशीच चाळवाचाळव होते. म्हणूनच सफाईदार ट्रान्सफर म्हणजे गर्भाशयाला नळी आल्याची चाहूलही लागू न देणे.

ही सफाई यावी म्हणून मॉक ट्रान्सफर करतात. ही खऱ्या ट्रान्सफरची रंगीत तालीम असते: नळी तीच, मार्ग तोच, फक्त नळीत गर्भ नसतो. कैरोतील मन्सूर, अबुलगार आणि सेरूर या डॉक्टरांनी १९९० मध्ये ३३५ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची तालीम आधी घेतली होती त्यांच्यात गर्भधारणेचे प्रमाण २२.८ टक्के आले, न घेतलेल्यांत १३.१ टक्के. आजच्या तुलनेत दोन्ही आकडे लहान आहेत, पण त्यांच्यातला फरक डोळ्यांत भरणारा होता. तेव्हापासून तालीम बहुतेक केंद्रांच्या कामाचा भाग झाली.

तालमीत चार गोष्टी टिपायच्या असतात. बाहेरच्या मुखापासून छतापर्यंतची लांबी किती, पिशवी पुढे झुकलेली आहे की मागे, ग्रीवा आणि पिशवी यांच्यातला कोन किती तीव्र आहे, आणि नळी कुठे अडते. मऊ नळी आत जात नसेल तर कारण शोधायला अजून वेळ असतो. ग्रीवा आखडलेली असेल तर मधल्या काळात हिस्टेरोस्कोपी करून मार्ग मोकळा करता येतो. भारतात जननमार्गाच्या क्षयरोगामुळे गर्भाशयात चिकटे झालेल्या स्त्रिया कमी नाहीत. तो अडसर गर्भ नळीत भरल्यावर कळण्यापेक्षा महिनाभर आधी कळलेला बरा. तालमीचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

तालमीचा नकाशा मात्र कायमचा नसतो, आणि हा मुद्दा पुरेसा बोलला जात नाही. स्टॅनफर्डच्या हेन आणि मिल्की या डॉक्टरांनी २००४ मध्ये तालमीच्या आणि खऱ्या ट्रान्सफरच्या वेळची पिशवीची स्थिती ताडून पाहिली. तालमीत पुढे झुकलेली पिशवी खऱ्या दिवशीही जवळजवळ नेहमी तशीच होती. मागे झुकलेल्या पिशव्यांपैकी निम्म्याहून अधिक मात्र त्या दिवशी पुढे झुकलेल्या आढळल्या. इंजेक्शनांनी मोठी झालेली अंडाशये मागून पिशवीला पुढे रेटतात, हे त्याचे संभाव्य कारण आहे. लांबीचेही तसेच होते. मूत्राशय भरले की पुढे वाकलेली पिशवी काहीशी सरळ होते, आणि तालमीतला आकडा त्या दिवशी जुळतोच असे नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुळशी तालुक्यातील एक स्त्री पुण्यातील केंद्रात उपचार घेत आहे. पहिले मूल सिझेरियनने झाले, त्यानंतर गर्भनलिका बंद झाल्या. तालमीत नोंद झाली: पिशवी मागे झुकलेली, लांबी ७.५ सेंटिमीटर. छतापासून दीड सेंटिमीटर अंतर ठेवायचे म्हणून नळी ६ सेंटिमीटर आत न्यायची असे ठरले. ट्रान्सफरच्या दिवशी भरलेल्या मूत्राशयावर पोटावरून सोनोग्राफी केली तेव्हा पिशवी पुढे झुकलेली दिसली आणि लांबी ६.८ सेंटिमीटर भरली. जुन्या नोंदीवर विसंबून मागे वळवलेली नळी ६ सेंटिमीटर सरकवली असती, तर टोक मागच्या भिंतीत रुतले असते, अस्तर खरचटून रक्त आले असते. दिशा नशिबाने बरोबर निघाली असती तरी टोक छतापासून जेमतेम ८ मिलिमीटरवर पोचले असते. पडदा समोर असल्याने नळीला वरच्या बाजूला बाक दिला गेला आणि खोली ५.३ सेंटिमीटर ठरली.

या स्त्रीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. सिझेरियनच्या जुन्या व्रणाजवळ, पुढच्या भिंतीत, कधीकधी खोबणीसारखी पोकळी राहते. वर बाक दिलेले टोक तिच्यात सहज शिरते. हाताला थोडा अडथळा जाणवतो, डॉक्टर थोडा जोर लावतात आणि नळी तिथेच दुमडते. पडद्यावर टोक पुढे सरकण्याऐवजी एका जागी गोळा होताना दिसले की हे ओळखता येते. अशा वेळी जोर न लावता नळी थोडी मागे घ्यायची, मागच्या भिंतीच्या अंगाने न्यायची आणि पुन्हा वर वळवायची. हे बोटांना कळणे कठीण, डोळ्यांना सोपे.

प्रत्यक्ष क्रम असा असतो. ग्रीवेवरचा चिकट स्राव कापसाने किंवा कोमट माध्यमाने हलकेच पुसतात, कारण तो नळीचे टोक बंद करू शकतो किंवा गर्भाला चिकटवून बाहेर ओढू शकतो. अनेक डॉक्टर आधी रिकामी बाहेरची नळी आतल्या मुखापर्यंत नेतात आणि मार्ग मोकळा असल्याची खात्री झाल्यावरच एम्ब्रियोलॉजिस्टला गर्भ भरायला सांगतात. गर्भ जेमतेम वीस-तीस मायक्रोलिटर द्रवात, दोन्ही बाजूंना हवेचा बारीक बुडबुडा ठेवून भरलेला असतो. आतली नळी बाहेरच्या नळीतून पुढे जाते, टोक ठरल्या जागी पोचले की पिचकारीचा दट्ट्या सावकाश दाबतात. गर्भ स्वतः डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर चमकतो तो हवेचा बुडबुडा, आणि त्यावरून जागा कळते. गर्भ इन्क्युबेटरबाहेर थंड होऊ नये म्हणून नळीत भरल्यापासून सोडेपर्यंतचा वेळ दोन मिनिटांच्या आत ठेवणे चांगले मानतात. शेवटी नळी सूक्ष्मदर्शकाखाली धुऊन पाहतात. शंभरात एक-दोनदा गर्भ नळीतच राहिलेला सापडतो आणि तो लगेच पुन्हा सोडता येतो.

छतापासून अंतर किती ठेवावे, यावर २००२ मध्ये बार्सिलोनात झालेला अभ्यास आजही मार्गदर्शक मानला जातो. दहा मिलिमीटरवर सोडलेल्या गर्भांपैकी सुमारे २१ टक्के रुजले, पंधरा आणि वीस मिलिमीटरवर सोडलेल्यांपैकी ३१ ते ३३ टक्के. पाच मिलिमीटरची ही चूक अंदाजाने काम करणाऱ्या अनुभवी हाताकडूनही सहज होऊ शकते. अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या कॉक्रेन आढाव्यातही सोनोग्राफीचा फायदा दिसतो. हाताच्या अंदाजाने शंभरात सुमारे २३ स्त्रियांना गर्भ टिकत असेल, तर सोनोग्राफीखाली हा आकडा २८ ते ३३ पर्यंत जाऊ शकतो.

पडदा असला तरी हाताचा फरक उरतोच. एकाच केंद्रातील, एकाच प्रयोगशाळेतले गर्भ सोडणाऱ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या यशात मोठी तफावत आढळल्याचे अभ्यास आहेत. म्हणून नवशिक्यांनी आधी तालमींवर हात बसवावा, मग देखरेखीखाली खरे ट्रान्सफर करावेत, आणि प्रत्येकाच्या यशाची नोंद वेगळी ठेवावी, हाच योग्य मार्ग आहे. त्याच वेळी कौशल्याची मर्यादाही मान्य करावी लागते. गर्भातील गुणसूत्रांचा दोष उत्तम हातही दुरुस्त करू शकत नाही, आणि वाढत्या वयात न रुजण्याचे ते सर्वांत मोठे कारण असते. चांगला ट्रान्सफर रुजण्याची शक्यता नव्याने निर्माण करत नाही, असलेली वाया जाऊ देत नाही.

ट्रान्सफरनंतर बहुतेक घरांत एकच चिंता असते: उठल्याने, चालल्याने गर्भ पडेल का? पौड किंवा ताम्हिणीकडच्या गावी परतणाऱ्या बाईला गाडीच्या हादऱ्यांची भीती वाटते, आणि घरची मंडळी तिला पंधरा दिवस खाटेवरून उतरू देत नाहीत. गर्भाशयाच्या पुढच्या आणि मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. त्यांच्यामध्ये गर्भ पोळीच्या दोन पदरांत अडकलेल्या तिळासारखा असतो, आकाराने त्याहून कितीतरी लहान. उभे राहिल्यावर पुन्हा सोनोग्राफी करून पाहिलेल्या स्त्रियांमध्ये बुडबुडा बहुतेक वेळा जागच्या जागीच आढळला. झोपून राहिल्याने यश वाढत नाही, हे वेगवेगळ्या चाचण्यांत दिसले आहे. अमेरिकेच्या प्रजननवैद्यक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ट्रान्सफरनंतर लगेच उठून चालण्यास हरकत नसल्याचे म्हटले आहे. मूत्राशय रिकामे करायलाही वाट पाहण्याची गरज नाही.

उपचार घेणाऱ्या जोडप्याने डॉक्टरांना तीन प्रश्न आधीच विचारावेत: तालीम झाली का आणि तिच्यात काय नोंदले, खऱ्या दिवशी सोनोग्राफी असेल का, आणि गर्भ कोणाच्या हातून सोडला जाईल. पहिला ट्रान्सफर अवघड गेला असेल, रक्त आले असेल किंवा चिमटा लावावा लागला असेल, तर त्याची लेखी नोंद मागून घ्यावी. पुढच्या वेळी दुसऱ्या केंद्रात गेल्यास त्या डॉक्टरांना तीच नोंद सर्वांत उपयोगी पडते.