पैसे येतात, पण तारीख चुकते

महिन्याची येणी आणि देणी वहीत बरोबर जुळतात, तरीही ७ तारखेला पगाराला पैसे नसतात. लहान कारखान्यांची ही नेहमीची अडचण आहे. नफा-तोट्याच्या हिशोबात ती दिसत नाही, कारण तो हिशोब रकमांचा असतो, तारखांचा नसतो. देण्यांचे कॅलेंडर तारखांचा हिशोब मांडते.

भोसरीतील सहा कामगारांचे एखादे फॅब्रिकेशन वर्कशॉप घेऊ. १ तारखेला बँकेत १,१०,००० रुपये आहेत. ५ तारखेला गाळ्याचे भाडे ४०,०००, ७ ला पगार १,२०,०००, १२ ला लोखंडाच्या व्यापाऱ्याचे १,८०,०००, १५ ला पीएफ आणि ईएसआयचे २०,०००, १८ ला वीजबिल २५,०००, २० ला जीएसटी ५०,००० आणि महिनाअखेरीला रंग, वेल्डिंग रॉड, गॅस यांचे १,१५,०००. एकूण देणी साडेपाच लाख. दोन गिऱ्हाइकांकडून १० तारखेला अडीच लाख आणि २५ ला तीन लाख येतात, म्हणजे येणीही साडेपाच लाखच.

आता प्रत्येक व्यवहारानंतरची शिल्लक समोर लिहीत गेले, की खड्डा दिसतो. भाडे आणि पगार दिल्यावर ७ तारखेला ५०,००० कमी पडतात. १० ला पैसे येतात, पण लोखंडाचे बिल भागवताच हात रिकामा होतो आणि २० तारखेला उणे ७५,००० ची वेळ येते. या तक्त्यात पाहायची गोष्ट महिनाअखेरची शिल्लक नव्हे, तर महिन्यातली सर्वांत खाली गेलेली शिल्लक.

यावर उपाय शोधताना देणी दोन गटांत पाडावी लागतात. पगार ७ तारखेच्या आत, पीएफ-ईएसआय १५ पर्यंत आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचा जीएसटी २० पर्यंत, या तारखा कायद्याने बांधलेल्या आहेत. भाडे, माल आणि किरकोळ खरेदी यांच्या तारखा मात्र बोलून ठरतात. म्हणून सरकवायचे ते इथेच.

लोखंडाचे बिल १२ ला येते, कारण आधीच्या महिन्यात १२ ला माल उचललेला असतो आणि उधारी तीस दिवसांची असते. तोच माल २७ ला उचलला, तर उधारी तीस दिवसांचीच राहते आणि बिल २५ च्या पैशांतून भागते. व्यापाऱ्याकडे सवलत मागावी लागत नाही. फक्त हा बदल करताना एकदा पंधरा दिवसांपुरता माल वेगळा घ्यावा लागतो. उधारीचा खरा चाप खरेदीच्या तारखेत असतो, हे पुष्कळ मालकांच्या लक्षात येत नाही.

यानंतर घरमालकाशी बोलून भाडे ११ ला नेले आणि रंगवाल्याच्या १,१५,००० पैकी ६५,००० पुढच्या महिन्याच्या १२ तारखेवर ठरवून घेतले. त्यामुळे महिन्याची सुरुवात १,७५,००० ने होते आणि पगारानंतरही ५५,००० उरतात. संपूर्ण महिन्यातली सर्वांत कमी शिल्लक तीच. विक्री एका रुपयानेही वाढलेली नाही.

मात्र येण्याची तारीख बिलावर छापलेली धरू नये. त्या गिऱ्हाइकाचे मागचे सहा भरणे पासबुकात पाहावे आणि सर्वांत उशिराची तारीख घ्यावी. समजा, १० चे पैसे १७ ला आले. भाड्यानंतर हाती १५,००० राहतात. रंगवाल्याला आधीच फोन करून १८ तारीख सांगता येते, पण १५ च्या पीएफला तरीही ५,००० कमी पडतात. कमीत कमी किती राखीव रक्कम हवी, ते या उजळणीतून कळते. ती अंदाजाने ठरवायची नसते.

जीएसटीची नोंद करताना विशेष काळजी लागते. कर बहुधा बिल फाडल्यावरच लागू होतो, गिऱ्हाइकाने पैसे दिल्यावर नव्हे. मार्चमध्ये मोठे बिल केले आणि पैसे मेमध्ये येणार असतील, तरी कर २० एप्रिललाच भरावा लागतो. म्हणून मोठे बिल केले त्याच दिवशी कराची रक्कम पुढच्या महिन्याच्या चौकटीत लिहून ठेवावी.

मालाची उधारी ताणण्यालाही मर्यादा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाला, २००६ च्या कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे चक्रवाढ व्याज लागते. त्यामुळे प्रत्येक पुरवठादाराच्या नावापुढे ही शेवटची तारीख आधी लिहावी आणि ठरवलेली तारीख तिच्या अलीकडेच ठेवावी.