स्नायू सुटतो तोही ऊर्जेवरच

घरात कुणी गेलं की जाणती माणसं आधी डोळे मिटतात, हनुवटीखालून कापड बांधतात, हातपाय सरळ करून घेतात. उशीर झाला तर सांधे वळत नाहीत. हा ताठरपणा साधारण दोन-चार तासांत जाणवू लागतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. आता ऊर्जा संपलेले स्नायू खरं तर सैल पडायला हवेत. मग ते घट्ट का होतात? त्यासाठी जिवंत स्नायू कसा आखडतो ते पाहावं लागतं.

स्नायूच्या धाग्यात सुमारे अडीच मायक्रॉन लांबीचे कप्पे एकामागून एक असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक कप्प्यात मध्यभागी मायोसिनचे जाड तंतू आणि दोन्ही टोकांकडून आत शिरलेले ॲक्टिनचे बारीक तंतू. स्नायू आखडताना हे तंतू आक्रसत नाहीत, फक्त एकमेकांमध्ये सरकतात. 1954 साली दोन स्वतंत्र गटांनी हे एकाच वेळी मांडलं.

सरकवण्याचं काम मायोसिनची डोकी करतात. एटीपी या रेणूचं विघटन झालं की डोकं ताणून सज्ज होतं. पण ॲक्टिनवरची पकडायची जागा ट्रोपोमायोसिनने झाकलेली असते. चेतातंतूचा संदेश आला की पेशीतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम सुटतं, ट्रोपोनिनला चिकटतं, आणि ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं. डोकं ॲक्टिन धरतं आणि झुकतं. बारीक तंतू जेमतेम दहा नॅनोमीटर आत ओढला जातो. झुकून झालं तरी पकड सुटत नाही. नवा एटीपी येऊन डोक्याला चिकटला तरच ती सुटते. मला या साऱ्यात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते: ओढायला ऊर्जा लागणार हे कुणीही म्हणेल, पण इथे सोडायलाही एटीपीच हवा.

दहा नॅनोमीटर म्हणजे काहीच नाही. पण रस्सीखेचीत हात बदलत दोर ओढावा तशी असंख्य डोकी आळीपाळीने ओढत राहतात. दहा सेंटीमीटरच्या धाग्यात असे चाळीस हजार कप्पे बसतात. प्रत्येक कप्पा 0.3 मायक्रॉनने आखडला की अख्खा धागा बारा मिलिमीटरने आखूड होतो. पुढे कॅल्शियम पिशव्यांत परत भरलं की स्नायू सैल होतो. ते भरणारे पंपही एटीपीवरच चालतात.

मृत्यूनंतर एटीपी बनणं थांबतं. पंप बंद पडतात, कॅल्शियम झिरपत राहतं, डोकी ॲक्टिन धरतात आणि सोडवणारा एटीपी नसल्याने तशीच अडकतात. देह ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत ताठतो. एक-दोन दिवसांनी प्रथिनंच कुजू लागतात, तेव्हा ही पकड ढिली होते. ताठरपणावरून मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधताना शवविच्छेदन करणारे डॉक्टर हवेच्या उष्णतेबरोबर आणखी एक गोष्ट विचारात घेतात: मरणाआधी माणूस जिवाच्या आकांताने धावला किंवा झटापट करत होता का. तसं असेल तर एटीपीचा साठा आधीच संपत आलेला असतो आणि ताठरपणा फार लवकर येतो.