कुत्र्याला टाकलेलं काळीज

खाटकानं मेंढीचं पोट उघडलं की कधीकधी काळजावर लिंबाएवढा, पांढुरका, तट्ट फुगलेला फोड दिसतो. सुरी लागली तर आतून स्वच्छ पाणी उडतं. असलं काळीज गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून ते दाराशी ताटकळलेल्या कुत्र्यापुढे पडतं. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाच्या जंताचं सगळं आयुष्य या एका फेकण्यावर चाललेलं आहे.

त्या पाण्याच्या तळाशी बारीक वाळूसारखा गाळ असतो. त्यातले कण म्हणजे जंताची मिटलेली डोकी. कुत्र्याच्या लहान आतड्यात ती उमलतात, भिंतीला चिकटतात आणि सहा-सात आठवड्यांत त्यांचे पूर्ण जंत होतात. वाढून वाढून किती, तर तीन ते सहा मिलिमीटर. टेपवर्म म्हटलं की हातभर लांब फीत डोळ्यांपुढे येते. हा त्याच घराण्यातला बुटका. पोटात हजारोंनी असला तरी कुत्रा धडधाकट दिसतो. विष्ठेतून अंडी मात्र पडत राहतात. ती गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर पसरतात. ओल आणि गारवा असेल तर महिनोन्‌महिने टिकतात, कडक उन्हात सुकून मरतात. मेंढीनं चरताना अंडं गिळलं की आतली अळी आतड्यातून रक्तात शिरते. आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून गाठ बहुतेक वेळा तिथेच धरते.

या साखळीत माणसाला काही काम नाही. कुत्र्याला कुरवाळलेल्या हाताने किंवा न धुतलेल्या पाल्यातून अंडं पोटात गेलं की तो उगाच सापडतो. मटणाची भीती मात्र अनाठायी. गाठीचं काळीज खाऊनही माणसाला हा रोग होत नाही. त्याला अंडं लागतं, आणि अंडं कुत्र्याच्या जातकुळीतल्या प्राण्यातूनच येतं.

माणसाच्या यकृतात ही हायडॅटिड गाठ सावकाश, वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढते. दहा-दहा वर्षं पत्ता लागत नाही. मग उजव्या बरगडीखाली जडपणा येतो, किंवा गाठ पित्तनलिकेत फुटून कावीळ होते. पोटात फुटली तर त्या पाण्याची तीव्र ॲलर्जी होऊन जिवावर बेतू शकतं, आणि सांडलेल्या डोक्यांपासून नव्या गाठी उगवतात. म्हणून संशय असताना ‘बघू तरी काय आहे’ म्हणून सुई खुपसायची नसते. निदान मुख्यतः सोनोग्राफीवर होतं. रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून गाठ नाही असं म्हणता येत नाही. लहान गाठीला काही महिने अल्बेंडाझोल पुरू शकतं. मोठ्या, नितळ पाण्याच्या गाठीत याच औषधाच्या संरक्षणाखाली सुईनं पाणी काढतात, जंतमारक द्रावण भरतात, थोडं थांबून तेही ओढून घेतात. गुंतागुंतीच्या गाठीला शस्त्रक्रिया लागते. चुना धरून मेलेल्या गाठीवर नुसती नजर ठेवतात, आणि हे माझ्या मते रुग्णाला पटवायला सर्वांत अवघड.

साखळी तोडता येते हे आइसलंडनं दाखवलं. तिथे मेंढ्या अफाट, कुत्री माणसांसोबत घरात, आणि यकृतात गाठी असलेली माणसं घरोघर. 1863 साली हाराल्ड क्राबे हा डॅनिश संशोधक तिथे गेला. त्यानं शंभर कुत्री चिरून पाहिली तर अठ्ठावीस जणांच्या आतड्यात हा जंत निघाला. परतल्यावर त्यानं साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली, ती देशात फुकट वाटली गेली. 1869 मध्ये कुत्र्यांवर कर बसला. पुढे गाठींची आतडी-काळजं जाळणं-पुरणं आणि कुत्र्यांना जंताचं औषध देणं कायद्यानंच आलं. त्या काळी औषधं आजच्यासारखी खात्रीची नव्हती. खरं काम केलं ते काळीज कुत्र्यापर्यंत न पोहोचण्यानं. कोवळी कोकरं कापण्याची प्रथाही कामी आली, कारण एवढ्या वयात गाठीत डोकी तयार झालेली नसतात. जुने रुग्ण पुढेही कित्येक वर्षं येत राहिले, पण नव्या पिढीत हा रोग दिसेनासा झाला.

आपल्याकडे मेंढीबरोबर शेळी, गाय, म्हैस यांच्यातही गाठी सापडतात, आणि उघड्यावरच्या कत्तलीभोवती भटकी कुत्री असतातच. धनगराच्या वाड्याबरोबर फिरणाऱ्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल द्यायचं तर दर सहा आठवड्यांनी द्यावं. जंत अंडी घालू लागण्याआधीच तो मारायचा हा त्यामागचा हिशेब. मात्र हे औषध जंत मारतं, अंडी नाही. त्यामुळे डोसनंतरचे दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा खोल पुरा. आणि गाठीचं काळीज कुत्र्याला टाकू नका. टाकायचंच असेल तर आधी निदान अर्धा तास खळखळून उकळा.